खाज नसलेल्यांनीही खरजेचं मलम त्याच रात्री का लावायचं

प्रश्न: माझ्या सात वर्षांच्या मुलाला महिनाभर रात्री बोटांच्या बेचक्यांत भयंकर खाज येते. डॉक्टरांनी खरूज सांगितली आणि घरातल्या सहाही जणांनी एकाच रात्री मलम लावा म्हणाले. आमचे मिस्टर आणि सासूबाई म्हणतात, आम्हाला खाज नाही, अंगावर एक पुटकुळी नाही, मग आम्ही कशाला? खरंच सगळ्यांनी लावायला हवं का? आणि बोटांमधली ती रेघ कशी ओळखायची?

उत्तर: हो, सहाही जणांनी लावायला हवं. तेही एकाच रात्री, आणि सात दिवसांनी पुन्हा एकदा. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं आहे. मिस्टर आणि सासूबाई खोटं बोलत नाहीत, त्यांना खाज नसेलच. पण खरजेत खाज नसणं म्हणजे खरूज नसणं नव्हे. याचं कारण समजलं की घरातल्यांना पटवणं सोपं जाईल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

खरूज होते ती एका अतिशय बारीक, आठ पायांच्या किड्यामुळे. याची मादी जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटर लांब असते. म्हणजे फार तीक्ष्ण नजर असेल तर एक पांढुरका ठिपका दिसेल, एरवी तेही नाही. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात आडवं बीळ खणत जाते. रोज दोन-तीन अंडी घालते आणि असं महिना-दीड महिना चालतं. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि पिल्लाचा पूर्ण वाढलेला किडा व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. हे दोन आकडे लक्षात ठेवा, दुसऱ्या वेळचं मलम सातव्या दिवशी का, याचं उत्तर त्यांच्यातच आहे.

आता खाजेचं. खाज किड्याच्या चावण्याने येत नाही. किड्याचं अंग, त्याची लाळ, अंडी, विष्ठा हे सगळं बिळात साचतं आणि आपलं शरीर त्याच्यावर चिडतं, म्हणून खाज येते. ही अॅलर्जीच आहे. आणि शरीराला एखादी परकी गोष्ट ओळखून चिडायला शिकण्यासाठी वेळ लागतो. आयुष्यात पहिल्यांदाच खरूज झाली असेल तर हा वेळ साधारण तीन ते सहा आठवड्यांचा असतो. तेवढे दिवस किडा अंगावर असतो, अंडी घालत असतो, शेजारी झोपलेल्या माणसाच्या अंगावरही जाऊ शकतो, आणि ज्याच्या अंगावर आहे त्याला कसलीही जाणीव नसते. ज्याला पूर्वी कधी खरूज होऊन गेली आहे त्याचं शरीर मात्र शिकलेलं असतं. त्याला पुन्हा लागण झाली की एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

या दोन वेगवेगळ्या मुदतींमुळेच घराघरांत गोंधळ होतो. एका कुटुंबाचं उदाहरण तारखांसकट सांगतो, कारण तुमच्याकडे जे चाललं आहे त्याच्याशी ते बरंच मिळतंजुळतं आहे.

घरात सात माणसं: आजी-आजोबा, आई-वडील, वसतिगृहात राहून शिकणारा तेरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांचं बाळ. मुलगा नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हाच खाजवत होता. वसतिगृहातल्या पाण्याने होतं असं घरच्यांनी मानलं. रात्री गादी खाली टाकून तो, बहीण आणि आजी एका रजईत झोपायचे. तीन आठवड्यांनी तो परत गेला. तोवर घरात दुसऱ्या कुणालाही खाज नव्हती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी रात्री उठून रडायला लागली. भाऊ गेल्याला पंधरा दिवस झाले होते, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही. मेडिकलमधून तीन-चार औषधं एकत्र असलेली एक ट्यूब आणून लावली. तीत स्टेरॉइड होतं. आठ दिवस लाली कमी झाली, खाजही थोडी बसली, आणि त्या आठ दिवसांत किडे निवांत वाढले. नंतर एका डॉक्टरांनी खरूज ओळखली आणि परमेथ्रिनचं मलम लिहून दिलं. नाताळच्या सुमारास आईने ते एकट्या मुलीला लावलं, एकदाच. दहा दिवसांत मुलगी बरीच सुधारली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एकाएकी पहिल्यापेक्षा जोरात खाज सुरू झाली. दरम्यान आजी आणि आईही खाजवायला लागल्या होत्या.

संक्रांतीच्या आसपास सगळे माझ्याकडे आले. मुलगाही सणाला घरी होता, त्यालाही आणायला सांगितलं. आईचं म्हणणं होतं, "डॉक्टर, मलम लागू पडत नाही." मलम व्यवस्थित लागू पडलं होतं. मुलीच्या अंगावरचे किडे नाताळात बहुधा जवळजवळ सगळे मेले होते. पण ती त्याच रात्री ज्या आजीच्या कुशीत झोपली, त्या आजीला तोवर खाज नव्हती, किडा मात्र होता. आजीकडून तो मुलीकडे परत आला. मुलीचं शरीर आता शिकलेलं होतं, त्यामुळे या खेपेला महिनाभर शांतता मिळाली नाही, दोन-तीन दिवसांत खाज सुरू झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की औषध हरलं. खरं तर किडा घरातल्या घरात एका अंगावरून दुसऱ्या अंगावर फिरत होता, आणि ज्या अंगावर तो गप्प होता तिथे कुणी बघितलंच नव्हतं.

वडिलांना त्या दिवशीही खाज नव्हती. ते फक्त गाडी चालवायला आले होते. मी त्यांचा हात मागितला तर थोडे नाराजच झाले. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, घड्याळाच्या पट्ट्याच्या कडेला, एक बीळ होतं. डर्मोस्कोप म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली त्याच्या टोकाला किड्याचा गडद त्रिकोण स्पष्ट दिसला. सुईच्या टोकाने अलगद उचलून काचपट्टीवर ठेवला आणि त्यांना सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितलं. किडा पाय हलवत होता. त्यानंतर मलम कोणी कोणी लावायचं हा प्रश्न त्या घरात उरला नाही. आजोबांच्या अंगावर मला काहीही सापडलं नाही. तरीही त्यांना मलम लावायला सांगितलं. न सापडणं आणि नसणं यांतला फरक एका तपासणीत मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही.

ते का सांगता येत नाही हे कळायला किड्यांची संख्या माहीत हवी. अंगभर खाज आणि अंगभर पुरळ असलेल्या माणसाच्या अंगावर हजारो किडे असतील असं वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी खरजेचे शेकडो रुग्ण तपासून किडे मोजले. एका माणसाच्या अंगावर पूर्ण वाढलेल्या माद्या सरासरी अकरा-बाराच निघाल्या, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशाच्या जवळपास हातांवर आणि मनगटांवर होत्या. पोटावरचं, मांड्यांवरचं, कमरेवरचं पुरळ हा बहुतांशी शरीराचा संताप असतो, तिथे किडा असेलच असं नाही. ज्याला अजून खाज सुटलेली नाही त्याच्या अंगावर तर दोन-चारच असतील. सबंध अंगावर दोन-चार बिळं शोधणं म्हणजे काय ते तुमच्या लक्षात येईल.

आता तुमची रेघ. बोटांच्या बेचक्यांत, बोटांच्या कडांना, मनगटाच्या आतल्या बाजूला बघा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बसून, मुलाचा हात तिरका धरून बघा. बीळ म्हणजे पाच ते दहा मिलिमीटर लांबीची, राखाडी-पांढरट, किंचित उंचावलेली नागमोडी रेघ. बारीक टोकाच्या पेन्सिलने हात कापत असताना ओढल्यासारखी दिसते. एका टोकाला कातडी थोडी सुटलेली, भुरभुरीत असते. किडा आत शिरला ती ही जागा. दुसऱ्या टोकाला अगदी बारीक फोड किंवा काळसर ठिपका असतो, किडा तिथे असतो. आपल्या सावळ्या कातडीवर ही रेघ गोऱ्या माणसाइतकी उठून दिसत नाही. शिवाय मुलं खाजवून ती फाडून टाकतात आणि उरतात ओरखडे, खपल्या. म्हणून रेघ सापडली नाही तर खरूज नाही असं समजू नका.

घरी करून बघण्यासारखी एक जुनी युक्ती आहे, आम्ही ती अजून वापरतो. संशय असलेल्या जागेवर शाईच्या पेनने किंवा मार्करने शाई लावा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाका. बीळ असेल तर शाई आत उतरते आणि वरची पुसली तरी बारीक नागमोडी काळी रेघ राहते. मात्र ओरखड्यातही शाई बसते, पण ती रेघ सरळ असते आणि तिच्या टोकाला ठिपका नसतो. ही चाचणी दिसली तर उपयोगी, नाही दिसली तर त्यावरून काहीच ठरत नाही.

बेचक्याच का, असं त्या घरातल्या आईने मला विचारलं होतं. किड्याला पातळ, सुरकुतलेली आणि केस कमी असलेली कातडी मानवते. बेचक्या, मनगट, कोपराची बाहेरची बाजू, काखेचा पुढचा भाग, बेंबीचा परिसर, कंबर, बायकांच्या स्तनाग्रांभोवती, पुरुषांच्या जननेंद्रियावर आणि कुल्ल्यांच्या खालच्या बाजूला, हा त्याचा नकाशा ठरलेला आहे. मोठ्या माणसांत चेहरा आणि डोकं बहुधा सुटतं. तान्ह्या बाळात मात्र तळहात, तळपाय, चेहरा, टाळू काहीच सुटत नाही. वर सांगितलेल्या घरातल्या बाळाच्या दोन्ही तळपायांवर बारीक फोड होते आणि घरच्यांनी ते नवीन मोज्यांमुळे आले असं समजून सोडून दिले होते. पुरुषाच्या लिंगावर किंवा अंडकोशावर खाजणाऱ्या गाठी आणि घरात आणखी कुणाला रात्रीची खाज, एवढ्यावरच मी खरूज जवळजवळ नक्की धरतो. पुरुष लाजून हे सांगत नाहीत. तुमच्या मिस्टरांना एकदा स्वतःच तपासून घ्यायला सांगा.

रात्रीचं म्हणाल तर अंथरुणात ऊब मिळाली की कातडी गरम होते आणि खाज भडकते. दिवसभर मन कामात असतं, रात्री ते खाजेकडेच लागतं. गरम पाण्याने आंघोळ केल्यावरही याच कारणाने खाज वाढलेली तुम्हाला दिसेल. आणि नेमक्या याच वेळी घरातली माणसं एकमेकांना चिकटून झोपलेली असतात. किडा उडत नाही, उड्या मारत नाही, फक्त चालतो, आणि तोही सावकाश. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला त्याला कातडीला कातडी लागून काही मिनिटं, साधारण दहा-पंधरा मिनिटं, मिळावी लागतात. दुकानात हात मिळवल्याने सहसा काही होत नाही. एका पांघरुणात रात्रभर झोपणं, बाळाला कडेवर घेऊन हिंडणं, नवरा-बायकोचा सहवास, यातून होतं.

त्यामुळे "घरातले सगळे" कुणाला म्हणायचं तेही यातून ठरतं. एका छपराखाली राहणारे सगळे तर आलेच. त्याशिवाय गेल्या दीड महिन्यात ज्यांच्या अंगाला अंग लागलं ते सगळे धरायचे. बाळाला मालिश करायला येणाऱ्या बाई, दुपारी मुलाला शेजारी झोपवणाऱ्या मावशी, सुट्टीत येऊन राहून गेलेली भाची. मी प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात, औषधाचा खर्च वाचावा म्हणून, ज्यांना खाज आहे त्यांनाच मलम लिहून द्यायचो. एका पाच जणांच्या घरात मी तिघांना दिलं. ते कुटुंब त्या हिवाळ्यात तीनदा परत आलं आणि शेवटी पाच जणांच्या दोन खेपांना लागली असती त्याहून जास्त मलमं त्यांनी विकत घेतली होती. चूक माझी होती. तेव्हापासून खाज कुणाला आहे हे मी विचारतो ते निदानासाठी. औषध कुणाला द्यायचं ते त्यावरून ठरवत नाही.

एकाच रात्री का, हाही प्रश्न घरात येईल. मलमाचा परिणाम अंगावर मलम आहे तोवर. सकाळी धुऊन टाकल्यावर ते पुढच्या किड्याला अडवत नाही. समजा सोमवारी मुलाला लावलं आणि सासूबाईंनी गुरुवारी लावलं, तर मधल्या तीन रात्रींत तो त्यांच्या कुशीत झोपला की सोमवारचं मलम वाया. सगळ्या अंगांवर एकाच वेळी मलम असलं तर किड्याला जायला जागाच उरत नाही. मी बहुतेक घरांना शनिवारची रात्र सुचवतो. रविवारी सकाळी घाई नसते आणि पुढच्या शनिवारी दुसरी खेप लक्षात राहते.

आता लावायचं कसं. निम्म्याहून अधिक घरांत चूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. औषध परमेथ्रिन 5 टक्के मलम. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅमची अख्खी ट्यूब लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धी, त्याहून लहानाला पाव. त्या सात जणांच्या घराचा हिशेब असा झाला: चार मोठे आणि तेरा वर्षांचा मुलगा मिळून 150 ग्रॅम, मुलीला 15, बाळाला थोडंसं. म्हणजे एका खेपेला सहा ट्यूब, दोन खेपांना बारा. खर्च वाटतो खरा. पण एका ट्यूबमध्ये तिघांना भागवलं की कुणालाच पुरत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

रात्री जेवणं उरकून, भांडी घासून, सगळं आवरून झाल्यावर लावायचं. अंग कोरडं आणि गार असावं, गरम पाण्याची आंघोळ करून लगेच लावू नये. नखं आधी कापून घ्या. मग गळ्यापासून तळपायापर्यंत, जिथे खाज आहे तिथेही आणि जिथे नाही तिथेही. बोटांची प्रत्येक बेचकी, नखांच्या खाली, मनगट, काखा, बेंबी, जांघ, गुप्तांगाची बाहेरची कातडी, कुल्ल्यांची फट, पायांच्या बोटांमध्ये, तळपाय. पाठीला एकमेकांनी लावावं. अंगठी, बांगड्या, घड्याळ, जोडवी काढून किंवा सरकवून त्याखाली लावा. लहान मुलाच्या कमरेचा करदोडा, मनगटाचा काळा दोरा यांच्याखाली हमखास राहून जातं. करदोडा बदलूनच टाकलेला बरा. दोन महिन्यांवरच्या तान्ह्यांना आणि फार म्हाताऱ्या माणसांना चेहरा, कानामागे आणि टाळूलाही लावायचं, डोळे आणि तोंड सोडून. बाळाच्या हातांत मोजे घाला म्हणजे ते हात चाटणार नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तन धुवावेत आणि पाजून झाल्यावर तिथे पुन्हा लावावं.

अंगावर ते आठ ते चौदा तास राहू द्यायचं आणि मग आंघोळ. या काळात हात धुतले की हातांना पुन्हा लावायचं. किडे सर्वांत जास्त हातांवरच असतात, आणि आपल्याकडे बायका रात्री शेवटपर्यंत आणि पहाटेपासून पाण्यातच असतात. घरातल्या सगळ्यांनी नीट लावूनही एकट्या आईचीच खरूज राहिली, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. विचारलं की कळतं, पहाटे दूध तापवायला उठल्या, हात धुतले आणि पुन्हा मलम लावलं नाही. त्या दिवशी सकाळी आधी आंघोळ, मग ओट्याशी जायचं. पहिला चहा दुसऱ्या कुणीतरी करावा.

दुसरी खेप सातव्या दिवशी, तितकीच काटेकोर. पहिल्या खेपेत एखादं अंडं वाचलं तर ते तीन-चार दिवसांत फुटतं, पण त्या पिल्लाला मोठं होऊन अंडी घालायला आणखी आठवडाभर तरी हवा असतो. सातव्या दिवशी ते अंड्याबाहेर आलेलं असतं आणि अजून अंडी घालण्याजोगं झालेलं नसतं. त्या फटीत त्याला गाठायचं असतं. बरं वाटलं म्हणून ही खेप गाळणारे लोक दोन-तीन महिन्यांनी परत येतात.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांबद्दलही घरात कुणीतरी विचारेलच. वजनाच्या प्रत्येक किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिलिग्रॅम, जेवणाबरोबर, आणि सात ते चौदा दिवसांनी तेवढीच पुन्हा. ही गोळी किडे मारते, अंडी मारत नाही, म्हणून तिचा दुसरा डोस तर अजिबात टाळता येत नाही. 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बाईला ती देत नाहीत. वसतिगृह, आश्रमशाळा अशा ठिकाणी चाळीस मुलांना मलम नीट लावून घेणं कठीण असतं, तिथे ती फार उपयोगी पडते. वर सांगितलेल्या मुलाच्या वसतिगृहातही त्याच्या दालनातल्या सगळ्या मुलांना तिथल्या डॉक्टरांकडून एकाच दिवशी गोळ्या देववल्या. नाहीतर तो उन्हाळ्याच्या सुट्टीत किडा घेऊन पुन्हा घरी आला असता. घरी मात्र डॉक्टरांना न विचारता गोळ्या आणून घेऊ नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी गंधकाचं मलम असतं, तेही डॉक्टरच ठरवतील.

कपड्यांचा बाऊ करू नका. माणसाच्या अंगावेगळा झालेला किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. मेलनबींनी निरोगी स्वयंसेवकांना रुग्णांच्या न धुतलेल्या कपड्यांत आणि पांघरुणांत झोपवून पाहिलं होतं, लागण अगदी मोजक्या लोकांना झाली. तेव्हा मलम धुऊन टाकायच्या दिवशी सकाळी, आदल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात धुवा. 50 अंशांच्या वर पाणी असेल तर किडा दहा मिनिटांत मरतो. जे धुता येत नाही, गोधडी, रजई, स्वेटर, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. घरात औषध फवारण्याची, गाद्या जाळण्याची गरज नाही. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातल्याने कातडीला बरं वाटत असेल, पण बिळातला किडा त्याने जात नाही, आणि त्यावर विसंबलेले आठवडे किड्याच्या पथ्यावर पडतात.

आता एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, नाहीतर दहाव्या दिवशी तुम्ही घाबराल. किडे मेले तरी त्यांची मढी, अंड्यांची टरफलं आणि विष्ठा कातडीच्या वरच्या थरात राहतात. तो थर झडून जाईपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, खाज राहते. हळूहळू कमी होत जाते, पण राहते. या काळात लोक रोज मलम लावत सुटतात. त्याने कातडी कोरडी पडते, भाजल्यासारखी होते, तीच खाजते, आणि मग आणखी मलम. दोन खेपांनंतर परमेथ्रिन बंद. खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा, डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी रात्री द्या. काखेत, जांघेत, अंडकोशावर तांबूस कडक गाठी झाल्या असतील तर त्या दोन-तीन महिनेही टिकतात. त्यांत जिवंत किडा असतोच असं नाही.

मग खरूज खरंच राहिली आहे हे कसं ओळखायचं? खाज आहे का, हे विचारू नका. नवीन बीळ किंवा नवीन फोड येतोय का, ते बघा. पहिल्या दिवशी हातांचे फोनवर जवळून फोटो काढून ठेवा आणि दर आठवड्याला ताडून बघा. जुन्या खुणा फिकट होत असतील तर गाडी मार्गावर आहे. दुसऱ्या खेपेनंतर चार आठवड्यांनीही बेचक्यांत ताज्या रेघा दिसत असतील, किंवा पूर्ण थांबलेली खाज एकाएकी उसळली असेल, तर कुणीतरी मलम लावलं नाही किंवा बाहेरून पुन्हा लागण झाली, असं धरून डॉक्टरांकडे जा. औषध बदलायचं की यादीतला राहिलेला माणूस शोधायचा, ते तिथे ठरेल. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा माणूसच सापडतो.

दोन बाबतींत शनिवारची वाट बघू नका. मुलाच्या बोटांवर पू धरला असेल, मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्या असतील, तर खाजवलेल्या जखमांत जंतू शिरले आहेत आणि अँटिबायोटिक लागेल. अशा जंतुसंसर्गानंतर काही आठवड्यांनी कधीकधी मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसणं, लघवी कमी होणं किंवा काळ्या चहाच्या रंगाची होणं, या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी दाखवा. दुसरी बाब घरातल्या वृद्धांची. खूप थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या हातांवर, कोपरांवर जाड, भुरकट, भेगाळलेले पापुद्रे जमले असतील तर तो खरजेचा वेगळाच प्रकार असू शकतो. त्यात अंगावर दहा-बारा नाही, हजारो-लाखो किडे असतात आणि खाज जवळजवळ नसते. असा एक माणूस अख्खं घर, अख्खा वॉर्ड पुन्हा पुन्हा बाधित करत राहतो, आणि त्याचा उपचार साध्या दोन खेपांत होत नाही. सासूबाईंचे हात-पाय, कोपरं, नखं एकदा उजेडात बघून घ्या. साधी कातडी असेल तर त्यांनाही इतरांसारखंच मलम.

त्या घराचं पुढे काय झालं ते सांगतो. दोन शनिवार सातही जणांनी मलम लावलं. मुलीची रात्रीची झोप पहिल्या आठवड्यातच सुधारली आणि खाज पूर्ण जायला अठरा-एकोणीस दिवस लागले. बाळाचे तळपाय दोन आठवड्यांत साफ झाले. आजींच्या काखेतल्या दोन गाठी मार्चपर्यंत होत्या. आजोबांना शेवटपर्यंत काहीच झालं नाही. वडील सहा आठवड्यांनी तपासणीला आले तेव्हा त्यांनी न विचारता बाही वर करून मनगट माझ्यापुढे धरलं. बीळ जिथे होतं तिथली कातडी साफ होती. मुलाच्या वसतिगृहातून रेक्टरांचा फोन आला होता की दालनात नवीन कुणी खाजवत नाही.

तुमच्या मिस्टरांना सांगताना "तुम्हालाही खरूज असेल" असं म्हणून सुरुवात करू नका, माणूस दुखावतो. "मुलाला परत होऊ नये म्हणून" म्हणा. खरं कारणही तेच आहे. आणि ट्यूब मोजून आणा: तुमच्या घरात सगळे मोठे असतील तर मुलाची अर्धी धरून साडेपाच, म्हणजे एका खेपेला सहा.